पैठणी की चंदेरी?

प्रिय मृदुला,

भाचीच्या लग्नात यातली कोणती नेसू म्हणून पाठवलेले दोन्ही फोटो नीट पाहिले. आधी उत्तर देते, नाहीतर पत्र अर्धवट टाकून तू लगेच फोन लावशील. जांभळी पैठणी नेस. पण तिच्यावर तो सोनेरी ब्रोकेडचा ब्लाउज नको, दुसऱ्या फोटोतला हिरव्या खणाचा घाल. दिवसाच्या लग्नाला फिकटच नेसावं म्हणून तुझा कल अबोली चंदेरीकडे आहे, हे कळतंय मला. तरी ऐक.

मुळात तू मला जे दोन फोटो पाठवलेस त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. चादर तीच, निळ्या फुलांची, पण पैठणीच्या फोटोत तिची फुलं हिरवट दिसतायत आणि उशीचा पांढरा अभ्रा लोण्यासारखा पिवळा. म्हणजे तो फोटो रात्री, पिवळ्या बल्बखाली काढलाय. चंदेरीच्या फोटोत अभ्रा स्वच्छ पांढरा आहे, कारण तो खिडकीच्या उजेडात काढलेला. पिवळ्या उजेडात जांभळा रंग तपकिरीकडे झुकतो. म्हणून तुला पैठणी 'जड आणि काळपट' वाटली. हिरवे काठ तर त्यात चक्क काळे दिसतायत! शिवाय फ्लॅश लागलाय. पदरावरच्या मोरांच्या जागी नुसता पांढरा भपका उठलाय. दिवाळीत ही साडी तुझ्या अंगावर मी भर उन्हात पाहिली आहे. उन्हात तो जांभळा पिकल्या जांभळासारखा उघडतो, आणि काठ पोपटाच्या पाठीसारखे हिरवेगार.

पलंगावरच्या फोटोची दुसरी गंमत म्हणजे साडी आणि ब्लाउज शेजारीशेजारी, जवळजवळ सारख्या आकाराचे दिसतात. नेसल्यावर तसं कुठे असतं? ब्लाउजच्या दोन बाह्या, गळ्याची कड आणि पाठ एवढंच दिसतं. पण जे दिसतं ते चेहऱ्याला लागून असतं, म्हणून त्याचा परिणाम मापापेक्षा मोठा. गळ्याशी सोनेरी ब्रोकेड आणि डोक्यावर दुपारचं ऊन असलं की ती चमक हनुवटीखाली पिवळी पडते, आणि फोटोत तोंड आजारी दिसतं. रात्रीच्या रिसेप्शनला हाच ब्लाउज छान दिसतो, कारण दिव्यांचा उजेड मंद असतो आणि बाजूबाजूने येतो. शिवाय तुझ्या पैठणीची जर फिकट, लिंबाच्या सालीसारखी आहे आणि ब्रोकेडची तांबूस. बल्बखाली दोन्ही 'सोनेरी' म्हणून खपतात. उन्हात मात्र एक दुसरीला जुनाट ठरवते.

आता चंदेरीचं. साडी सुरेखच आहे, प्रश्न तू उभी कुठे राहणार त्याचा आहे. तू नवरीची मामी. मुहूर्त १२.१० चा, लग्न उघड्या लॉनवर. मामा भाचीला बोहल्यावर घेऊन येणार आणि तू तिच्या मागेच. ती मामाकडची पिवळी साडी नेसलेली असणार. पिवळ्याशेजारी अबोली, त्यावर कडक ऊन, म्हणजे फोटोत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जातील. तुझा फक्त हिरवा ब्लाउज तेवढा तरंगत राहील. पिवळ्यामागे जांभळा मात्र पक्का उभा राहतो, आणि नवरीचा पिवळाही त्याने उठून दिसतो. दुसरं म्हणजे चंदेरी पारदर्शक. उन्हाकडे पाठ करून उभी राहिलीस की परकराची कड, निऱ्यांची जाडी, सगळं समोरून दिसतं. परकर अगदी त्याच रंगाचा आणि पूर्ण घेराचा असला तरी थोडं दिसतंच. लग्न मे महिन्यातलं असतं तर यातलं काहीही न बोलता मी चंदेरीच म्हटलं असतं, उकाड्यापुढे सगळं माफ. पण फेब्रुवारीत नाशिकला रेशीम सहज सोसतं.

आता हिरव्या खणाचं एक मात्र तपासायला हवं, आणि हे मी दुकानात बसून वैतागून शिकलेय. गिऱ्हाईक ट्यूबखाली काठाशी ब्लाउजपीस लावून 'अगदी मॅच' म्हणत घेऊन जातं आणि कार्यालयाच्या अंगणात पाहतं तर एक हिरवा निळसर, दुसरा पिवळसर. साडीचं सूत रेशमाचं, ब्लाउजचं सुती किंवा मिश्र, दोघांना रंगवायला वापरलेले रंगही वेगळे. एका उजेडात ते सारखे दिसले तरी दुसऱ्या उजेडात सारखे दिसतीलच असं नाही. त्यामुळे उद्या सकाळी अकराच्या सुमाराला साडी गॅलरीत ने. थेट उन्हात नको, सावलीतल्या उजेडात आधी बघ आणि मग क्षणभर उन्हात धर. काठ आणि बाही एकमेकांना चिकटवून बघू नकोस, मधे साडीचा जांभळा भाग चार बोटं येऊ दे, कारण अंगावर ते तसेच दिसणार आहेत. हिरवा थोडा गडद किंवा थोडा फिका असला तर बिलकूल चालेल. एक निळ्याकडे आणि दुसरा पिवळ्याकडे जात असेल तर मात्र नको. 'जवळजवळ तोच' रंग सगळ्यात वाईट दिसतो. चुकून फसल्यासारखा दिसतो तो. तसं झालं तर पदरातल्या मोरांच्या मानेचा निळा किंवा सरळ राणी रंग शोधू. माझ्याकडे राणी रंगाचा खण पडलाय, बाह्यांना पुरेल एवढा तरी नक्की.

त्या खणाच्या ब्लाउजला अस्तर सुती आहे ना? फोटोत बाहीच्या कडेला काहीतरी चकचकीत डोकावतंय. साटीनचं अस्तर असेल तर काखेत घाम जिरत नाही आणि हिरव्यावर डाग गडद उमटतो. एवढ्यासाठी उसवत बसू नकोस, काखेत सुती कापडाचे गोल तुकडे आतून टाचून घे, काम भागेल.

पदर एकेरी सोडायचा तुझा विचार असेल, पण अक्षता, ताटं, भाचीचं सावरणं यात तो हातावरून घसरत राहील. जरीचा पदर वजनाने खाली ओढतो. बारीक निऱ्या घाल. पिन जरीतून काढू नकोस, धागे ओढले जातात. खांद्यावर जिथे जांभळं सूत आहे तिथेच टोच, आणि आतून कापडाची छोटी पट्टी धर. निऱ्या घातल्यावर मोर थोडे मिटतील हे खरं, पण तेवढीच उन्हातली चमकही कमी होईल. जेवणं आटोपली की सोड पदर, मिरव हवी तेवढी.

चंदेरी आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला नेस आणि तो सोनेरी ब्रोकेडचा तिच्यावर घाल. हॉलमधल्या दिव्यांत अबोली खुलतो.

दागिन्यांचं तुझं तू बघ, त्यात मी पडत नाही. फक्त मोत्यांची चिंचपेटी घालणार असशील तर गळा अजून थोडा खोल चालला असता, पण आता शिवलेला आहे तो राहू दे.

उद्याचा फोटो पाठवशील तेव्हा पलंगावर पसरू नकोस. ब्लाउज अंगात घाल, पदर खांद्यावर टाक आणि कुणाला तरी आठ-दहा फुटांवरून काढायला सांग. फ्लॅश बंद ठेव. हातात एक कोरा पांढरा कागद धर, म्हणजे इथे बसून मला रंग खरा आहे की फोनने रंगवलाय ते कळेल. आणि पैठणी आजच घडीतून काढून टांगून ठेव. घडीच्या खुणा राहिल्याच तर उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, कोमट इस्त्री फिरव. पाणी शिंपडू नकोस.

तुझी,
शैला

ता.क. राणी खण लागणार असेल तर गुरुवारच्या आत कळव. शुक्रवारी माझा कारागीर गावी जातोय.