रावणाची दहा तोंडं मोजायला शून्य लागत नाही

महोदय,

आपल्या बालपुरवणीतल्या प्रश्नमंजूषेत ‘शून्याचा शोध कोणी लावला?’ असा प्रश्न होता आणि उत्तर म्हणून आर्यभटांचं नाव छापलं होतं. त्यावरून आमच्या चहाच्या कट्ट्यावर तो जुना विनोद निघालाच. आर्यभट पाचव्या-सहाव्या शतकातले, तर मग त्याआधी रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव मोजले कोणी? मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या विनोदाला लोक एकतर हसतात किंवा चिडतात, उत्तर मात्र कोणी देत नाही. गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून हयात गेल्यामुळे आकड्यांशी माझा थोडाफार संबंध आहे, म्हणून हे पत्र.

उत्तर आपल्या महाराष्ट्रातच, जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडावर कोरलेलं आहे. राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा तो सातवाहनकालीन लेख साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात यज्ञांच्या दक्षिणेची यादी आहे. एका ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती दिल्याची नोंद आहे, आणि ती शब्दांत नाही, आकड्यांत आहे. पण त्या आकड्यांत शून्य नाही. दहासाठी एक स्वतंत्र चिन्ह, वीससाठी वेगळं, तीससाठी आणखी वेगळं. शंभराच्या चिन्हाला सात जोडला की सातशे, आणि त्याच्या आधी हजाराचं चिन्ह ठेवलं की झाले सतराशे. म्हणजे मोजायला शून्य लागत नव्हतं आणि नोंद ठेवायलाही अडत नव्हतं. कौरवांचा प्रश्न इथेच मिटतो.

अडचण यायची ती हिशेब करताना. तीन दुणे सहा, हे आपल्याला पाठ असतं. पण नाणेघाटाच्या आकड्यांत तीनाचं चिन्ह वेगळं, तिसाचं वेगळं, तसंच सहाचं आणि साठाचं. चिन्हांकडे पाहून ‘तीस दुणे साठ’ हे ‘तीन दुणे सहा’चंच भावंडं आहे असं दिसत नाही. ते डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर कवड्या-खडे मांडून गणित करायचं आणि उत्तर तेवढं लिहून ठेवायचं.

घरांची पद्धत आली आणि हे सगळं बदललं. तीन हा तीनच, तो एककाच्या घरात असला तर तीन, दशकाच्या घरात तीस, शतकाच्या घरात तीनशे. नऊ अंकांचे पाढे आले की कितीही मोठा गुणाकार करता येतो, कारण प्रत्येक घरात तेच पाढे चालतात. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ असं म्हटलं आहे, म्हणजे प्रत्येक घर आधीच्या घराच्या दसपट. त्यांची वर्गमूळ काढण्याची रीतही याच घरांवर उभी आहे. त्यांचं श्रेय हे आहे, आणि ते लहान नाही.

भास्कराचार्यांनी लीलावतीत गुणाकारासाठी घातलेलं उदाहरणच घेऊ: १३५ गुणिले १२. आधी दोनाने गुणायचं. पाच दुणे दहा, एककाच्या घरात शून्य, हातचा एक. तीन दुणे सहा आणि हातचा एक, सात. एक दुणे दोन. आले २७०. आता बारातला एक. तो दशकाच्या घरात असल्यामुळे तेच १३५ एक घर डावीकडे सरकवून लिहायचे, म्हणजे १३५०. बेरीज १६२०. यात शंभराला दहाने गुणल्यावर काय होतं, याचा विचार आपण एकदाही केला नाही. तो घरांनी परस्पर करून टाकला.

आणि इथेच शून्य लागतं. २७० मधलं एककाचं घर रिकामं आहे हे कागदावर दाखवलं नाही, तर उरतात सत्तावीस. नुसती मोकळी जागा सोडून भागत नाही, कारण आकड्याच्या शेवटी सोडलेली जागा कोणाला दिसणार? बाबिलोनच्या लोकांची साठाच्या पटीतली घरं होती, आकड्याच्या मधल्या रिकाम्या घरासाठी पुढे त्यांनी खूणही आणली, पण शेवटच्या रिकाम्या घरासाठी ती वापरत नसत. तिथे आगापिछा पाहून वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

घर चुकलं की काय होतं ते अडतीवर कळतं. संध्याकाळी ताळा जुळत नाही, फरक येतो १२१५ चा. जुने दिवाणजी आधी त्याला नवाने भागून बघायचे. भाग पुरता गेला, उत्तर १३५ आलं, की खातेवहीत १३५ ची नोंद शोधायची. बहुतेक वेळा ती मुळात १३५० ची असते आणि शून्य गळालेलं असतं. कारण सरळ आहे: दसपटीतून एकपट गेली की उरते नऊपट. दोन अंकांची अदलाबदल झाली, ७२ चे २७ झाले, तरी फरकाला नवाने भाग जातो. म्हणून नवाने भाग गेला म्हणजे शून्यच गळालं असं मात्र समजू नये.

आता शोध कोणाचा? शून्याची खूण कोणी पहिल्यांदा काढली, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हे साल आकड्यांत आहे आणि त्यात शून्याच्या जागी टिंब आहे. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा लेख आहे. त्यात बागेची एक बाजू २७० हात आणि देवाला रोज ५० माळा असं लिहिलंय, शून्य आपल्या आजच्यासारखंच गोल. (वरच्या गुणाकारातले २७० आणि हे २७० हा निव्वळ योगायोग.)

पण शून्याला रिकाम्या घराच्या खुणेवरून उचलून इतर संख्यांच्या पंगतीत कोणी बसवलं, याचं नाव आपल्याला ठाऊक आहे: ब्रह्मगुप्त, इ. स. ६२८. संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य, शून्य मिळवलं तर संख्या तशीच, शून्याने गुणलं तर शून्य, हे नियम त्यांनी घालून दिले. धन आणि ऋण संख्यांशी शून्याचं नातंही सांगितलं. भागाकाराला मात्र ते अडखळले. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असं ते सांगून गेले. भागाकाराचा ताळा गुणाकाराने घेतात. शून्य गुणिले शून्य बरोबर शून्य, हे जुळतं खरं, पण शून्य गुणिले पाच बरोबर शून्य हेही जुळतं आणि सात घेतले तरी जुळतं. कोणतंही उत्तर चालत असेल तर त्याला उत्तर म्हणता येत नाही, म्हणून आज आपण तो भागाकार करतच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पुरवणीत ‘शून्याचे नियम प्रथम कोणी मांडले?’ असं विचारावं आणि उत्तर ब्रह्मगुप्त छापावं. आर्यभटांचंच नाव हवं असेल, तर प्रश्न घरांच्या दसपटीवर घालावा.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
शाहूपुरी, कोल्हापूर