बु. आणि खु. काढून टाका म्हणे!

महोदय,

कालच्या अंकात गावांच्या नावांतलं 'बुद्रुक-खुर्दचं ओझं' उतरवण्याची सूचना वाचली. लेखकमहाशयांच्या नावावर गुंठाभर जमीन नसावी, असा अंदाज आहे.

बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान, एवढं बरोबर. पण हे मोठेपण डोकी मोजून ठरलेलं नाही. आमचं मूळ गाव पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला. ग्रामदेवतेचं देऊळ आणि मानपान तिथेच. काही घरं शेतीसाठी खाली खाडीकडे उतरली, वस्ती वाढली, दप्तरात वेगळं गाव लागलं, ते खुर्द. आज हायस्कूल आणि बाजार खुर्दातच आहेत. म्हणून काय झालं? धाकटा भाऊ उंच झाला म्हणून थोरला होत नाही.

शिवाय प्रत्येक मौजेचे सर्व्हे नंबर 1 पासून सुरू होतात. म्हणजे 47 नंबर बुद्रुकात आहे तसा खुर्दातही आहे. गेल्या वर्षी मी आंब्याच्या बागेची मोजणी मागितली. अर्जात 'बु.' ठळक लिहिलेलं. कार्यालयातल्या संगणकावर मात्र यादीतलं पुढचं नाव दाबलं गेलं. नोटिसा गेल्या खुर्दातल्या लगतच्या खातेदारांना. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बांधावर डोळा ठेवलाय. त्यातले दोघे अजून बोलत नाहीत. मोजणीदार आले, नकाशा उघडला, तर माझ्या बागेच्या उत्तरेला खाडी! आमच्या उत्तरेला सडा आहे हो, खाडी तिथून दिसतसुद्धा नाही. हिस्सेही जुळेनात. मी नकाशाच्या माथ्यावरचं मौजेचं नाव वाचायला लावलं तेव्हा कुठे साहेब थांबले. मग मोजणी रद्द, फी पुन्हा भरा आणि पावसाळ्यानंतर या. अक्षर एकच चुकलं होतं. लेखकमहाशय तर दोन्ही काढायला निघालेत.

लोरे नं. 1 कणकवली तालुक्यात आहे आणि लोरे नं. 2 वैभववाडीत. तिथला आकडा गाळा, म्हणजे माणूस थेट दुसऱ्या तहसीलदारापुढे उभा राहील. गुहागरात पांगारी तर्फ हवेली आणि पांगारी तर्फ वेळंब आहेत; जुन्या महसुली तर्फा कधीच गेल्या, पण एका पांगारीचा कागद दुसरीत जाऊ नये याची सोय त्या अजून करतात. आणि उरणकडे बंदरासाठी उठवलेल्या शेव्याची माणसं जिथे बसवली, ते नवीन शेवा. तिथे जाऊन 'नवीन' काढा म्हणून सांगून बघावं.

तुम्ही तरी कुठे मागे आहात? गेल्या महिन्यात आमच्या काकांच्या निधनवार्तेत गावापुढचं 'बु.' तुम्ही गाळलंत, पैसे मात्र शब्द मोजून घेतलेत. तेराव्याला आलेले पाहुणे आधी खुर्दात घरोघर चौकशी करत फिरले. ती दुरुस्ती अजून छापून आलेली नाही. अर्थात आली असली तरी आम्हाला कळायची कशी? तुमचा अंक आमच्याकडे दुपारी दोनला पोचतो, आणि रविवारची पुरवणी तर पोचतच नाही.

आपला,
एक बागायतदार,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी