बारा वाजेपर्यंत

रविवार, रात्री ९.४०

चि. मुक्तास, अनेक आशीर्वाद.

आत्याच्या फोनवर या पत्राचे फोटो पाठवीन. तुझ्या फोनवर पाठवले असते, पण मघाशी मी जे बोललो त्यानंतर तू उघडशील की नाही, याची खात्री नाही. दुकान आज आठलाच बंद केलं. आईला सांगितलंय, स्टॉकचा हिशोब लिहीत बसतोय.

गर्भ राहू नये म्हणून घ्यायची दुसरी गोळी तू नऊ वाजता घेतलीस असं आत्या म्हणाली. म्हणजे आपल्याला बारा वाजेपर्यंत वाट बघायची आहे. तोवर उलटी झाली नाही, तर गोळी पोटात राहिली असं समजायचं. झाली, तर आत्याला दोन आणायला सांगितल्या होत्या, त्यातली उरलेली एक लगेच घ्यायची. अर्धी नाही, अख्खी. सकाळची वाट बघायची नाही. हे आधी लिहितो, कारण बाकीचं तू वाचशील न वाचशील.

मुक्ता, सात वाजता आत्याचा फोन आल्यावर मी तुला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो ‘कोण आहे तो?’ हा. सत्तावीस वर्षं मी औषधाच्या काउंटरच्या या बाजूला उभा आहे. लोकांच्या मुलींना, सुनांना मी पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती तास झाले?’ हा. माझ्या मुलीला मात्र तो प्रश्न मी तिसरा की चौथा विचारला, आणि तोही ओरडून. तो कोण, हे मी आता विचारणार नाही.

तू आत्याला सांगितलंस ते मी कागदावर मांडून बघितलं. शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास कंडोम फाटला. गोळी घेतलीस रविवारी दुपारी एकला. म्हणजे साडेतेरा तास. दोन वाजून चाळीस मिनिटांनी उलटी, म्हणजे गोळी घेतल्यापासून एक तास चाळीस मिनिटं. मग संध्याकाळी सहापर्यंत तू खोलीत बसून राहिलीस, गोळी घेतली म्हणजे झालं असं धरून. या दोन्ही मधल्या वेळा मला टोचतात. साडेतेरा तास का? होस्टेलच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे, मी तुला सोडायला आलो तेव्हा स्वतः बघितलंय.

पण उत्तर मला माहीत आहे. कोपऱ्यावरचा माणूस ओळखीचा, म्हणून तू लांबच्या गल्लीत गेलीस, आणि ते दुकान रविवारी उशिरा उघडतं. माझ्या दुकानात हेच तर रोज चालतं. पोरगा येतो, खोकल्याच्या गोळ्या मागतो, पेपर चाळतो, काउंटर रिकामा व्हायची वाट बघतो. कधीकधी अर्धा तास. मी ओळखतो, मग पोऱ्याला आत गोदामात पाठवतो आणि म्हणतो, ‘बोल’. २००५ पासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येते. तरी चिठ्ठी मागितल्यासारखे चेहरे करणारे दुकानदार आहेत, हे मला माहीत आहे. पोरी उशीर करतात त्यात आमचाही हात आहे.

लवकर घ्यायची म्हणजे का, हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. पाकिटावर ‘७२ तास’ लिहिलेलं असतं आणि लोक त्याचा अर्थ लावतात की तीन दिवस निवांत आहेत. तसं नाही. ही गोळी काही पाडत नाही, लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. ती बीज बाहेर पडणं काही दिवस लांबवते, इतकंच तिचं काम. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. तेवढ्यात स्त्रीबीज बाहेर आलंच नाही, तर गाठ पडत नाही. पण शरीराने बीज सोडायचा हुकूम एकदा दिला की गोळी तो परत फिरवू शकत नाही. तो हुकूम आज निघणार की परवा, हे बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येक तास मोजायचा. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास आला होता. गोळी पहिल्या चोवीस तासांत घेतली, तर एरवी राहिले असते त्या शंभरातले पंच्याण्णव गर्भ टळले. दुसऱ्या दिवशी घेतली तर पंच्याऐंशी, तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.

तुझी दुसरी गोळी साडेएकवीस तासांनी गेली. चोवीसच्या आत आहेस. हे मी गेल्या तासाभरात चार वेळा मोजलं.

१०.२०

आत्याचा मेसेज आला, मळमळतंय पण उलटी नाही. नुसत्या मळमळीने काही बिघडत नाही, त्यासाठी पुन्हा गोळी घ्यायची नसते. आडवी पडून राहा, घोट घोट पाणी पी. त्याच अभ्यासात साधारण शंभरातल्या तेवीस जणींना मळमळ झाली होती, उलटी मात्र जेमतेम सहा जणींना. तू त्या सहांत निघालीस. लहानपणी एसटीत बसलं की अर्ध्या वाटेतच तुझी पिशवी लागायची. नानी तुझ्या कमरेला लिंबू बांधायची आणि तू ते सोलून खायचीस. पंढरपूरच्या त्या प्रवासात मी तुला दारात उभं धरून ठेवलं होतं, आठवतं? कंडक्टर ओरडत होता आणि तू त्याला म्हणालीस, ‘माझे बाबा औषधवाले आहेत.’ जणू कलेक्टर आहेत.

विषय सोडून गेलो.

उलटीचं नीट समजून घे. गोळी गिळली म्हणजे रक्तात गेली असं नाही. ती पोटात विरघळते, पुढे आतड्यातून रक्तात जाते, आणि याला दोनेक तास लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या. काही पाकिटांतल्या कागदावर तीन तास लिहिलेले असतात, इंग्लंडचे डॉक्टरही तीनच सांगतात. मी तीन धरतो. एक गोळी जास्त गेल्याने तुझं काही वाईट होणार नाही, फार तर मळमळ वाढेल. कमी गेली तर मात्र सगळं व्यर्थ. दुपारी तू उलटीत गोळी दिसते का बघितलंस, दिसली नाही म्हणून गप्प बसलीस. ती विरघळलेली असते, दिसणार कशी? बघायचं ते घड्याळ. गोळी घेतली ती वेळ लिहून ठेवायची, उलटी झाली ती वेळ लिहून ठेवायची. तीन तासांनंतर झाली, तर काही करायचं नाही.

एवढं जपून लिहितोय त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली. खेडेगावातला एक जण गोळी घेऊन गेला, दोन लेकरांचा बाप. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘बायकोला उलटी झाली होती, चालेल का?’ दुकानात गर्दी होती. मी म्हणालो, ‘होतं तसं, चालतंय.’ किती वेळाने झाली, हे मी विचारलं नाही. दीड महिन्याने ती बाई स्वतः आली आणि लघवी तपासायचं किट मागितलं. माझ्याकडे बघून काही बोलली नाही. उलटीमुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, गोळी पोटात राहूनही शंभरातल्या काहींना राहतंच. पण मी विचारलं नव्हतं. आज सात वाजता तुलाही आधी विचारलं नाही.

तू आत्याला फोन केलास, मला नाही. औषधवाल्याची मुलगी. ते मला लागलं, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. साडेतेरा तास आणि नंतरचे तीन तास वीस मिनिटं, यातले किती तास तू माझ्या भीतीने घालवलेस, हे मला कळायला हवंय. नाही, सांगू नकोस. मी पुन्हा उलटतपासणी घ्यायला लागलो. माफ कर.

११.०५

आता तिसरीही उलटून पडली तर काय, तेही लिहून ठेवतो. मग घरी गोळ्यांवर गोळ्या घ्यायच्या नाहीत. उद्या सकाळी आत्याबरोबर बायकांच्या डॉक्टरकडे जायचं. ते आधी उलटी थांबवायचं औषध देतील आणि मग गोळी, किंवा सरळ तांबी बसवतील. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा खात्रीची, आणि तिला उलटीशी देणंघेणं नाही. तुझे पाच दिवस गुरुवारी रात्री संपतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. लग्न झालंय का, असं कुणी विचारलं तर आत्या उत्तर देईल. तिचा आवाज तुला माहीत आहे.

आणि कुठलाही दुकानदार ‘पाच गोळ्यांचं किट घ्या, खात्रीने मोकळं होईल’ म्हणाला, तर घेऊ नकोस. ते गर्भपाताचं औषध आहे, या गोळीशी त्याचा संबंध नाही आणि डॉक्टरांशिवाय ते घ्यायचं नसतं.

चार-आठ दिवसांत थोडं रक्त दिसलं तर ती पाळी समजू नकोस. पाळी आठवडाभर पुढेमागे होऊ शकते. ठरल्या तारखेच्या वर आठ दिवस गेले तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करायची. पाळी लांबली आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, तर तपासणीची वाट न बघता दवाखाना. या पाळीपर्यंत गोळीच्या भरवशावर राहू नकोस. बीज लांबलंय, संपलेलं नाही, ते पुढच्या आठवड्यातही येऊ शकतं. म्हणजे कंडोम. हे वाक्य मी तुला लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. लिहिलं.

लघवी तपासायचं किट मी इथून पाठवतो, तिथे मागायला नको. आईने केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवीन. डबा परवाच्या बसने येईल. आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तिची पाठ सध्या बरी आहे.

११.३०

अजून अर्धा तास. आत्या म्हणते, तुला झोप लागली. झोपू दे. मी जागाच आहे. बादली उशाशी ठेवायला सांगितलंय, आणि उरलेली गोळी पेल्याशेजारी. उलटी झालीच, तर आधी घड्याळ बघ आणि मग मला फोन कर. आत्याला नाही, मला. कितीही वाजलेले असोत.

तुझे
बाबा