बाई, त्या स्टाफरूममधल्या अर्ध्या तासाबद्दल थँक्यू

बाई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "राहू दे की ओ सर" म्हणून खानापुरातल्या पावसाचं विचारायला लागता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

आठवतंय काय, आठवीची इंग्रजीची क्लोज टेस्ट घेऊन मी तणतणत आलेलो, बाजाराचा उतारा, दर पाचवा शब्द गाळलेला आणि पोरांना वीसात चार-पाच मार्क. तुम्ही कोरा पेपर माझ्याच पुढं सरकवलात, उतारा न बघता सोडवा म्हणालात, आणि मीच अडकलो की! एक जागा 'नंदगड'वर पडलेली, एक 'फॉर्टी'वर, आता टोमॅटो चाळीसला घेतले की तीसला हे उताऱ्यात कुठंच नाही तर पोरगं काय ज्योतिषी आहे काय.

मग तुम्ही लाल पेन काढलात. पहिलं वाक्य अख्खं ठेवलंत, विषय कळायला. नावं, आकडे परत भरलेत आणि जागा आपली पोरं जिथं घसरतात तिथं नेल्यात, 'शी वेंट ___ द मार्केट'. आपण 'बाजारात गेली' म्हणतो ना, त्या 'त'मुळं निम्मा वर्ग 'इन' लिहितो, आणि 'टू' का हे त्या एका जागेवरनं शिकवता येतं. शेजारचा 'द' मात्र गाळू दिला नाहीत, दोन जागा चिकटल्या की एक चुकली तर दुसरीचा आधार पण जातो म्हणून.

डिक्टेशनचं तर मला आजपण हसू येतं. मी एकेक शब्द सुटा सांगायचो, म्हणजे ते नुसतं स्पेलिंगच झालं. तुम्ही तीनदा वाचलात: पहिल्यांदा सरळ, पोरं पेन खाली ठेवून ऐकणार, मग पाच-सहा शब्दांचा तुकडा आणि थांबा, मग परत सरळ. थांबायचं किती, तर तो तुकडा स्वतः मनात लिहून होईपर्यंत. 'यस्टरडे ही वॉक्ट टू द मार्केट' वाचलंत आणि जवळजवळ सगळ्यांनी 'वॉक' लिहिलं, मी म्हटलं ऐकत नाहीत कार्टी. तुम्ही म्हणालात, ऐकू येणारच नाही ओ, 'वॉक्ट'चा शेवटचा ट पुढच्या 'टू'मध्ये मिसळतो, तो 'यस्टरडे'वरनं ओळखायचा असतो. म्हणून तिसऱ्या वाचनानंतर दोन मिनिटं, नुसतं आपलं लिहिलेलं वाचायला. त्या दोन मिनिटांत मागच्या बाकावरच्या एकीनं स्वतःहून 'ईडी' जोडलं, मी बघितलं. आणि 'मार्केट'चं स्पेलिंग चुकलं पण शब्द ओळखू येतोय तर मार्क कापायचा नाही, हे पण तुमचंच, ते पचायला मला एक टर्म लागली.

आता नवीन टेस्ट केलीय, शेजारच्या शाळेतल्या सरांना आधी सोडवायला दिली, एकाच जागी आमचं जमेना: 'शी सॅट ___ द बस'. मी उत्तरात 'ऑन' लिहिलंय, ते 'इन' म्हणतात, मला दोन्हीला मार्क द्यावासा वाटतोय. सोमवारच्या आत सांगा बाई.