द्विवचन एकट्या संस्कृताचे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एका पालकांचे पत्र आले होते. द्विवचन ही केवळ संस्कृताने बाळगलेली खोड आहे, जगात इतरत्र ती कोठेही नाही, मराठीने ती टाकून दिली तरी तिचे काही अडले नाही, तेव्हा शाळकरी मुलांकडून ती घोकून का घ्यायची, असा त्यांचा प्रश्न होता. घोकंपट्टीबद्दलची त्यांची तक्रार मला मान्य आहे. अमळनेर परिसरात अनेक वर्षे संस्कृत शिकवताना 'रामौ, रामाभ्याम्, रामयोः' म्हणताना कंटाळलेली मुले मी रोज पाहिली आहेत. परंतु त्यांची पहिली दोन विधाने वस्तुस्थितीला धरून नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

द्विवचन इतरत्र नाही, हे म्हणणे खानदेशात बसून तर मुळीच टिकत नाही. भुसावळला किंवा जळगावला एखाद्या उर्दूभाषक शेजाऱ्याच्या घरची लग्नपत्रिका हाती आली, तर तीत 'वालिदैन' हा शब्द पाहावा. 'वालिद' म्हणजे वडील, आणि त्याला लागलेला '-ऐन' हा अरबी द्विवचनाचा प्रत्यय आहे. म्हणजे शब्दशः अर्थ 'दोन वडील', आणि व्यवहारात अर्थ आई-वडील. संस्कृतातही 'पितृ' शब्दाचे द्विवचन 'पितरौ' म्हणजे आई-वडीलच होते, आणि त्यासाठी पाणिनीने 'पिता मात्रा' असे स्वतंत्र सूत्र केले आहे. एकमेकींशी कुळाचे नाते नसलेल्या दोन भाषांनी एकाच युक्तीने एकच शब्द घडवावा, हे मला आजही विलक्षण वाटते. आखातातल्या बहरीनचे नावही याच प्रत्ययाने झाले आहे, 'दोन समुद्र'. उर्दूत हे द्विवचन आता गोठलेल्या शब्दांपुरते उरले असले, तरी अरबीत ते नामांना आणि क्रियापदांना आजही लागते. दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. रावेरपलीकडे बऱ्हाणपूर-खंडव्याच्या बाजूला आणि मेळघाटात बोलली जाणारी कोरकू भाषा सजीवांसाठी एक, दोन आणि अनेक असे तीन वचनभेद पाळते. 'कोरो' म्हणजे माणूस, आणि त्याला अनेकवचनाचा '-कू' जोडून या समाजाचे नावच 'माणसे' असे झाले आहे. दोन माणसे असतील तर '-कू'च्या जागी दुसरा प्रत्यय लागतो. ती सर्वस्वी वेगळ्या, मुंडा कुळातली भाषा आहे.

आता मराठीचे काय अडले, ते पाहू. द्विवचन मराठीने टाकलेले नाही, कारण ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने गिरनारच्या शिलालेखात राजाच्या स्वयंपाकघरात आता रोज तीनच प्राणी मारले जातात असे सांगितले, तेथे शब्द आहेत 'द्वो मोरा एको मगो', दोन मोर आणि एक हरीण. संस्कृतात येथे 'द्वौ मयूरौ' लागले असते. लेखात 'द्वो' या संख्याशब्दाने आपले जुने रूप राखले आहे. 'मोरा' मात्र सरळ अनेकवचन आहे. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचा नियम 'द्विवचनस्य बहुवचनम्' असा एका ओळीत नोंदवला, तेव्हा तो दीड हजार वर्षे जुनी गोष्ट लिहीत होता.

परंतु प्रत्यय गेला, तरी लहान समूह वेगळा दाखवण्याची गरज गेली नाही, आणि मराठीने ती शब्दांनी भागवली. आपण 'दोन माणसे' म्हणतो, तसेच 'दोघे' म्हणतो. 'तिघे' आणि 'चौघे' म्हणतो. बायका असतील तर 'दोघी, तिघी, चौघी' म्हणतो. पाचाला मात्र हा साचा संपतो आणि तेथून 'पाचजण, सहाजणी' सुरू होते. शिवाय 'दोन भाऊ आले' आणि 'दोघे भाऊ आले' ही वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात कोणाचे तरी दोन भाऊ आले, दुसऱ्यात ज्यांच्याबद्दल आपण बोलत होतो तेच दोघे आले. तरीही 'दोघे' हे द्विवचन नव्हे, हे मुलांना एका कसोटीने सहज दाखवता येते. 'बालकौ गच्छतः' या वाक्यात 'दोन' हा शब्द कोठेही नाही, तरी नाम आणि क्रियापद दोन्ही 'दोन' म्हणतात. 'दोघे जातात' आणि 'तिघे जातात' यांत क्रियापद तेच राहते, आणि 'दोघे' काढून 'मुले जातात' म्हटले की दोनपण नाहीसे होते.

चाराशीच का थांबावे? संस्कृतातही एक ते चार हे संख्याशब्दच लिंगाप्रमाणे बदलतात, 'त्रयः, तिस्रः, त्रीणि', 'चत्वारः, चतस्रः, चत्वारि'. 'पञ्च' पासून तिन्ही लिंगांना एकच रूप. रशियनमध्ये दोन, तीन, चार यांच्यापुढे नामाचे एक रूप येते आणि पाचापासून दुसरे: 'द्वा स्ताला', 'चितीरे स्ताला', पण 'प्यात् स्तालोव', म्हणजे दोन टेबले, चार टेबले, पाच टेबले. ते पहिले रूप जुन्या द्विवचनाचा अवशेष असून तीन आणि चारांपर्यंत पसरले आहे. आपणही 'चार घास', 'चार पैसे', 'चारचौघांत' म्हणतो, तेव्हा मोजून चार नव्हे, 'थोडे' एवढेच म्हणत असतो.

हे 'थोडे' काही भाषांत थेट व्याकरणात असते. त्याला मराठीत अल्पवचन म्हणता येईल. फिजीच्या भाषेत समोरच्या दोघांना 'केमुद्राउ', थोड्या जणांना 'केमुदोउ' आणि पुष्कळांना 'केमुनी' म्हणतात. 'केमुदोउ'मधला शेवटचा अंश मुळात 'तीन' या शब्दातून आला, पण आज तो नेमका तीन राहिलेला नाही. किती जण म्हणजे थोडे, हे समोरचा जमाव पाहून बोलणारा ठरवतो; अंगणात बसलेला गट संपूर्ण गावाच्या तुलनेत 'थोडा' ठरू शकतो. आणि आपल्या 'तुम्ही'प्रमाणे एकट्या मानाच्या माणसालाही तेथे 'केमुनी' म्हणतात.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे, की 'रामौ'च्या आधी फळ्यावर 'दोघे' लिहावे आणि ते कोणाला लागते, कोणाला लागत नाही, हे मुलांनाच विचारावे. 'दोघे' माणसांचे, 'दोन्ही' वस्तूंचे आणि जनावरांचे, हे ती स्वतः सांगतात. माझे काका मात्र पोळ्याच्या संध्याकाळी पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन गोठ्यात जात, तेव्हा परत आल्यावर काकू विचारी, "दोघांनी खाल्लं ना?" दावी आणि झुली ठेवायच्या खुंट्यांना ती 'दोन्ही' म्हणे, बैलांना कधीच म्हणाली नाही.

आपला,
संस्कृतचा एक निवृत्त शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव