दोन मिनिटांचं भाषण

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

लेकीच्या प्रश्नपत्रिकेचा फोटो आणि तिनं लिहिलेलं भाषण, दोन्ही मिळालं. ‘तुमच्या शाळेच्या परिपाठात “पूर आणि आपण” या विषयावर दोन मिनिटांत करावयाचे भाषण लिहा,’ असा प्रश्न आहे. पोरीचं लिखाण छान आहे, अक्षर तर फारच देखणं. पण प्रश्नातले ‘दोन मिनिटांत’ हे शब्द तिनं नुसते वाचून सोडून दिलेत. मला काळजी आहे ती तेवढ्याचीच.

मैदानात माइकवर, सगळ्यांना कळेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभरएक शब्दच होतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चिकटून आपले शब्द लांब होतात, त्यामुळं इंग्रजी भाषणाचा हिशेब इथं लावायचा नाही. म्हणजे दोन मिनिटांना दोनशे शब्द. त्यात नमस्कार-चमत्कार आले, मधले थांबे आले. लिहायला हातात राहतात एकशे ऐंशीच्या आसपास. तिचं भाषण सव्वातीनशे शब्दांचं आहे, सरळ तीन मिनिटांच्या वर जाणारं. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, दिनविशेष होईपर्यंत पुढच्या रांगेतली बारकी पोरं पाय बदलायला लागलेली असतात. तिसऱ्या मिनिटाला ती ऐकत नाहीत.

आता जास्तीचं कुठं कापायचं? मुलं काय करतात, प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द उडवतात नाहीतर भरभर वाचतात. दोन्हीनं भाषण बिघडतं. अख्खा मुद्दाच काढावा लागतो. तिनं चार मुद्दे घेतलेत: पुराची कारणं, धरणांचा विसर्ग, २०१९ चा महापूर आणि आपण काय करायचं. विषयात ‘आपण’ हा शब्द छापलाय, म्हणून चौथा ठेवायचा आणि बाकीचे तीन खुशाल सोडायचे. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांवरचा परिच्छेद तिनं मनापासून लिहिलाय हे मला दिसतंय, पण तो निबंधात शोभेल. दरवाजे उघडले म्हणून सातवीतल्या पोरानं काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

सुरुवातही बदलायला हवी. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, सन्माननीय पाहुणे आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो’ म्हणेपर्यंत दहा सेकंद गेली. रोजच्या परिपाठाला पाहुणे असतात कुठं? मी असं सुचवतो:

‘आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजन आणि मित्रांनो, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलं, की इशारा मिळतो. त्रेचाळीस फुटांवर गेलं, की धोका. या चार फुटांच्या मधल्या वेळात आपण काय करायचं, एवढंच मी सांगणार आहे.’

आकडे दोनच, पण कोल्हापूरच्या पोरांनी ते पावसाळ्यात घरोघरी ऐकलेले असतात, म्हणून कान टवकारतात. तिनं २०१९ च्या पाणीपातळीचे, विसर्गाचे आकडे ओळीनं दिलेत. कानानं ऐकणाऱ्याला एवढे आकडे धरून ठेवता येत नाहीत, वाचणाऱ्याला येतात.

पुढं तीन कामं, प्रत्येकाला चारेक वाक्यं: दाखले, रेशन कार्ड, वह्या-पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवणं, शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर घरच्यांना आठवण करून देणं, आणि पाणी बघायला, व्हिडिओ काढायला घाटावर किंवा पुलावर न जाणं. तिसऱ्यावर जरा जास्त वेळ द्यावा, कारण आपल्याकडं पोरांना नेमका तोच मोह होतो. वाक्यं छोटी असावीत. ‘ज्यामुळे’, ‘ज्याअर्थी’ आलं की वाक्य लांबतं आणि माइकवर श्वास तुटतो. शेवट घोषणेनं नको, कामानं करावा: ‘आज घरी गेल्यावर आपले दाखले कुठं आहेत, ते आईला विचारा. धन्यवाद.’

परीक्षेत मोठ्यानं वाचून घड्याळ लावता येणार नाही, त्याला एक उपाय आहे. तिच्या अक्षरात एका ओळीत नऊ शब्द बसतात, मी फोटोवरून मोजले. म्हणजे वीस ओळी झाल्या की थांबायचं. उत्तर लिहिण्याआधी विसाव्या ओळीला समासात पेन्सिलीनं बारीक टिंब करून ठेवू दे, आणि सोळाव्या ओळीला तिसरं काम सुरू झालेलं नसेल तर दुसरं आवरतं घेऊ दे. घरी मात्र तुझ्यासमोर उभं राहून, मोबाइलवर वेळ लावून एकदा म्हणायला लाव. एक मिनिट पन्नास सेकंदांत संपलं तर जमलं, कारण मैदानात माइकचा घुमारा विरेपर्यंत थांबावं लागतं आणि दहा सेकंद तिथंच जातात.

नवीन खर्डा झाला की फोटो पाठव, रविवारी निवांत बघतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच मित्र