मुलांच्या क्रिएटिनिनला मोठ्यांची पट्टी लावू नका

महोदय,

मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. कालच्या आरोग्य पुरवणीतल्या तक्त्यात ‘क्रिएटिनिन : ०.६ ते १.२, सामान्य’ एवढंच छापलंय. ही पट्टी मोठ्यांची आहे, असा एक शब्दही तिथे नाही. याच आकड्यांनी आमच्या घरातले तीन महिने वाया घालवले, म्हणून राहवत नाही.

माझी नात चार वर्षांची. वारंवार ताप, लघवीला जळजळ. लॅबच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ०.९ आलं. शेजारी ०.६ ते १.२ अशी पट्टी छापलेली, त्यामुळे आकड्यापुढे खूण नाही. ‘किडनी उत्तम आहे’ असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. तीन महिन्यांनी मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेलो. तोच कागद पाहून बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘हिची उंची किती?’ शंभर सेंटिमीटर. त्यांनी उंचीला ०.४१३ ने गुणलं, ०.९ ने भागलं. मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात, त्याचं उत्तर आलं ४६. या वयात ते ९० च्या वर असायला हवं. म्हणजे मूत्रपिंडांचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं, आणि कागदावर सगळं ठीक! पुढे सोनोग्राफी व इतर तपासण्यांत लघवी मूत्राशयातून उलटी वर चढते, हे कळलं.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. लहान मुलाच्या अंगात स्नायू ते किती? म्हणून तीन-चार वर्षांच्या निरोगी मुलाचं क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असतं; वयात येताना स्नायू भरतात तसं ते मोठ्यांच्या जवळ जातं. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं मात्र पहिले काही दिवस जास्त दिसतं, कारण ते आईचं असतं. जुलाबाने सुकलेल्या मुलाचं ०.३ वरून ०.६ झालं, तर ते दुप्पट झालेलं असतं, पण तुमच्या तक्त्यात ते सामान्यच. उलट ०.३ पुढे ‘कमी’ अशी खूण पाहून घाबरलेले आईबापही मी पाहिलेत.

वरचं सूत्र (श्वार्ट्झ यांचं, २००९ मध्ये सुधारलेलं) सगळीकडे चालत नाही, हेही बाईंनी बजावलं. वर्षाच्या आतल्या बाळांना ते लावू नये. क्रिएटिनिन रोज बदलत असेल तेव्हा ते फसवतं. फार कुपोषित मुलात स्नायूच नसल्याने उत्तर खोटं चांगलं येतं.

आणखी एक. लॅबच्या फॉर्मवर वय आणि मोबाइल नंबर विचारतात, मुलाची उंची कुठेच विचारत नाहीत. दोन वर्षांत पाच लॅबचे फॉर्म भरले, एकातही तो रकाना नव्हता.

पुढच्या पुरवणीत हा तक्ता वयानुसार पुन्हा छापावा, आणि कालच्याच जागी, त्याच आकारात. कोपऱ्यातली दोन ओळींची दुरुस्ती कोणी वाचत नाही.

आपला,
एक आजोबा, सातारा